कंपनी विकली मालकाने, राजीनामा मात्र कामगाराचा

कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून तीन रांगा केल्या होत्या. प्रत्येक रांगेच्या टोकाला एचआरचा एक जण, त्याच्यासमोर कागदांचे दोन गठ्ठे. डावीकडे राजीनामे, टाईप करून तयार, फक्त सही बाकी. उजवीकडे नव्या कंपनीची नेमणूकपत्रं. राजीनाम्यावर तारीख ३१ मार्च, नेमणूकपत्रावर १ एप्रिल. माणूस यायचा, आधी डावीकडे सही करायचा, मग उजवीकडे, आणि चहा घेऊन पुन्हा लाईनवर जायचा. त्या तिघांपैकी एक मी होतो. स्टोअरमधल्या एका जुन्या माणसाने पेन उघडून हातात धरलं आणि विचारलं, "साहेब, कंपनी मालकाने विकली ना? मग राजीनामा मी का देतोय?"

मी म्हणालो, "फॉर्मॅलिटी आहे."

त्याने सही केली. मागे रांग होती, शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. माझं उत्तर खोटं होतं, आणि ते किती रुपयांनी खोटं होतं याचा हिशोब मी बऱ्याच वर्षांनी मांडला. तो हिशोब पुढे देतोच. पण आधी त्याच्या प्रश्नाकडे जाऊ, कारण या देशात हा प्रश्न ठळकपणे विचारला गेला तो आपल्याच भागात, बार्शी लाईट रेल्वेच्या कामगारांकडून.

मिरजेपासून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरपर्यंत जाणारी ही नॅरोगेज गाडी एका खासगी कंपनीची होती. रेल्वे बोर्डाने करार संपवून ती १ जानेवारी १९५४ पासून ताब्यात घ्यायचं ठरवलं. कंपनीने नोव्हेंबर १९५३ मध्ये सगळ्या कामगारांना नोटीस दिली, की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली. दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे त्याच रुळांवर, त्याच इंजिनांवर, सरकारचे नोकर म्हणून कामाला लागले. आता गंमत अशी, की नोटीस निघण्याच्या आदल्याच महिन्यात औद्योगिक विवाद कायद्यात छाटणीच्या भरपाईची तरतूद आली होती : एक महिन्याची नोटीस आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. कामगार म्हणाले, आमची जुन्या मालकाकडची नोकरी तुम्ही संपवलीत ना, मग भरपाई द्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मानलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २७ नोव्हेंबर १९५६ ला जिंकली. न्यायालयाचं म्हणणं होतं की छाटणी म्हणजे चालू धंद्यातली जादा माणसं कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती छाटणी नव्हे.

शब्दाच्या अर्थाच्या दृष्टीने निकाल बरोबर असेलही. पण त्याचा परिणाम असा, की मालकाने दहा माणसं कमी केली तर भरपाई, आणि सगळी कंपनीच विकून सगळ्यांनाच मोकळं केलं तर काही नाही. हे भोक इतकं मोठं होतं की काही महिन्यांतच, १९५७ मध्ये, सरकारला कायदा दुरुस्त करावा लागला. त्यातून औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम २५ एफएफ त्याच्या पुढे टिकलेल्या रूपात आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेतही हीच तरतूद जवळपास त्याच शब्दांत आहे. म्हणजे बार्शीच्या कामगारांना स्वतःला काही मिळालं नाही, पण त्यांच्या हरण्यातून निघालेला नियम सत्तर वर्षं टिकला.

नियम समजायला सोपा आहे. उपक्रमाची मालकी किंवा व्यवस्थापन दुसऱ्याकडे गेलं, की किमान वर्षभर सलग काम केलेल्या प्रत्येक कामगाराला छाटणी झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई मिळायला हवी, आणि ती द्यायची जुन्या मालकाने. यातून सुटका एकाच वाटेने : तीन गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत. बदलामुळे नोकरीत खंड पडलेला नसावा. नव्या मालकाकडच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कोणत्याही बाबतीत कमी नसाव्यात. आणि पुढे कधी छाटणी झालीच, तर जुनी वर्षं धरून भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी नव्या मालकावर असावी. यातला 'कायदेशीर' हा शब्द महत्त्वाचा. "आम्ही तुमची जुनी सर्व्हिस विसरणार नाही" असं नव्या साहेबाने गेटवर भाषणात सांगितलं, तर त्याने ही अट पुरी होत नाही. ते विक्रीच्या करारात किंवा नेमणूकपत्रात लिहिलेलं लागतं.

थोडक्यात, कायदा मालकांना म्हणतो : या माणसाची वर्षं पुढे न्या, नाहीतर त्याला त्या वर्षांचे पैसे द्या. दोन्हींपैकी एक. दोन्ही एकदम मागता येणार नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने अनकापल्लीच्या साखर कारखान्याच्या प्रकरणात १९६२ साली सांगून ठेवलं. तो कारखाना सहकारी संस्थेने विकत घेतला होता, काही कामगारांना घेतलं नाही, आणि त्यांनी नव्या मालकाकडे नोकरी मागितली. न्यायालय म्हणालं, तुमचा हक्क जुन्या मालकाकडून भरपाईचा आहे, नव्याकडे नोकरीचा नाही. मला हे कठोर वाटतं, पण निदान स्पष्ट आहे.

आता कँटीनमधले ते दोन गठ्ठे पाहा. त्यांनी तिसरी वाट काढली. वर्षंही पुढे नेली नाहीत आणि त्या वर्षांची भरपाईही दिली नाही. राजीनामा दिला म्हणजे माणूस स्वतःहून गेला. स्वतःहून गेलेल्याची छाटणी कशी होईल? आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेतलं ती नवी भरती, मग जुन्या वर्षांचा प्रश्नच कुठे आला? एका सहीत कलम २५ एफएफ बाजूला झालं.

हिशोब सांगतो. आकडे मी गोल केले आहेत, कायदा त्या वेळचा. समजा माणसाची नोकरी बारा वर्षं सात महिने झाली आहे. एकूण पगार महिना ३०,००० रुपये, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता १८,०००. सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तेरा वर्षं. छाटणी भरपाईत पंधरा दिवसांचा पगार म्हणजे महिन्याच्या पगाराचा निम्मा. ग्रॅच्युइटीत मात्र मूळ पगार आणि महागाई भत्ता धरायचा आणि महिना सव्वीस दिवसांचा मानायचा. भागाकार वेगळे आहेत, आणि यातच भलेभले चुकतात.

राजीनामा देणाऱ्याला त्या दिवशी फक्त ग्रॅच्युइटी मिळाली : १८,००० ला २६ ने भागून १५ ने आणि मग १३ ने गुणलं की १,३५,००० रुपये. हातात लाखाच्या वरचा चेक आल्यावर माणूस खूश होतो. आमच्याकडेही त्या आठवड्यात दोन-तीन नव्या मोटारसायकली आल्या होत्या. पण कायद्याप्रमाणे जुन्या मालकाने भरपाई दिली असती, तर ग्रॅच्युइटीशिवाय १,९५,००० रुपये छाटणीचे आणि एक महिन्याचा नोटीस पगार ३०,०००, म्हणजे एकूण ३,६०,००० हातात पडले असते. फॉर्मॅलिटीची किंमत सव्वादोन लाख.

आणि दुसरा पर्याय, वर्षं पुढे नेण्याचा? तीन वर्षांनी नव्या कंपनीने लाईन बंद केली आणि माणसाला काढलं असं धरू. तोवर एकूण पगार ३६,००० झाला आहे, मूळ आणि महागाई भत्ता २०,८००. सलग सेवा असती तर पंधरा वर्षं सात महिने, म्हणजे सोळा वर्षं. छाटणी भरपाई २,८८,०००, ग्रॅच्युइटी १,९२,०००, मिळून ४,८०,०००. राजीनामा देऊन नव्याने लागलेल्या माणसाच्या हातात येतात तीन वर्षांचे ५४,००० आणि ग्रॅच्युइटी शून्य, कारण ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण लागतात. आधी मिळालेले १,३५,००० धरले तरी १,८९,०००. फरक २,९१,००० रुपये. मोटारसायकल तोवर जुनी झालेली असते.

माझं म्हणणं एवढंच, की हस्तांतरणाच्या काळात घेतलेला असा राजीनामा कायद्याने राजीनामाच मानू नये. जुन्या कंपनीतून नव्या कंपनीत तीच माणसं, त्याच जागी, त्याच कामावर दुसऱ्या दिवशी दिसत असतील, तर मधली सही कशाचीही असो, सेवा सलग धरावी. असा साधा, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा नियम हवा. आज काय आहे? कामगार औद्योगिक न्यायालयात जाऊन ती सही दबावाखाली झाली असं सांगू शकतो. पण ते सिद्ध करायचं त्याने. दबाव म्हणजे कुणी कॉलर धरली होती का? नाही. रांग होती, चहा होता, साहेब म्हणाले फॉर्मॅलिटी आहे. हे साक्षीत कसं सांगणार?

यावर मालकांच्या बाजूने पहिला आक्षेप येतो तो असा : जुनी वर्षं गळ्यात बांधली तर कोण कंपनी विकत घेईल? आजारी कारखाने पडून राहतील आणि शेवटी नोकऱ्याच जातील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. बंद पडायला आलेला कारखाना घेणारा प्रत्येक रुपया मोजतो. पण कंपनीची खरेदी कशी होते ते पाहिलं की त्यातली हवा बरीच जाते. घेणारा आधी हिशोब तपासतो. ग्रॅच्युइटीचं देणं ताळेबंदात असतं, अशा देण्यांचा अंदाज बांधणाऱ्या तज्ज्ञाकडून, म्हणजे अ‍ॅक्च्युअरीकडून मोजून घेतलेलं. ते देणं नव्याच्या डोक्यावर येणार असेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा होते. छाटणीची संभाव्य भरपाई मात्र ताळेबंदात नसते. ती पुढे कधीतरी, झालीच तर लागणारी रक्कम. म्हणूनच ती पुसून टाकायचा मोह होतो : कागदावर नसलेलं देणं गुपचूप संपवता येतं. वर्षं पुढे न्यायची सक्ती केली तर हे देणंही टेबलावर येईल आणि किमतीत वजा-बेरीज होईल. बोजा पडेल तो विकणाऱ्याच्या नफ्यावर. तो विक्रीचा निर्णय घेतो, विक्रीचे पैसेही त्यालाच मिळतात. त्याने तो का सोसू नये?

नंतर एका दुसऱ्या व्यवहारात मी विकणाऱ्या बाजूला होतो. नेमणूकपत्राच्या मसुद्यात मी एक वाक्य घातलं : आपली मूळ रुजू तारीख छाटणी भरपाईसह सर्व लाभांसाठी ग्राह्य धरली जाईल. घेणाऱ्यांच्या वकिलांनी 'छाटणी भरपाईसह' हे दोन शब्द खोडून मसुदा परत पाठवला. बाकी वाक्य तसंच. आम्ही ते पुन्हा घातले, त्यांनी पुन्हा खोडले. दीड दिवस त्या दोन शब्दांवर गेला, शेवटी ते राहिले. व्यवहार मोडला नाही.

आतापर्यंत मी सगळं कामगारांबद्दल बोललो, आणि तेही उपक्रमच विकला जातो त्या प्रकाराबद्दल. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा विकले जातात ते शेअर. तेव्हा मालक बदलतो, पण नोकरी देणारी कंपनी तीच राहते. नाव, पीएफचा कोड, नेमणूकपत्र सगळं जागच्या जागी. कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरण झालंच नाही, म्हणून ही तरतूद लागत नाही आणि लागण्याची गरजही नाही, कारण सेवा आपोआप सलग आहे. अशा वेळी कुणी नवं नेमणूकपत्र पुढे केलं तर ते का, हा प्रश्न सहीच्या आधी विचारावा. जुनं पत्र चालू असताना नव्याची गरज एकाच कारणासाठी असते : जुन्यातलं काहीतरी बदलायचं असतं.

हे कसं ओळखायचं, असं लोक मला विचारतात. पगारपत्रकावरचं कंपनीचं पूर्ण नाव आणि रुजू तारीख पाहा. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत जुन्या कंपनीपुढे बाहेर पडल्याची तारीख टाकली आहे का ते पाहा. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. यूएएन तोच आहे, पीएफची रक्कम नव्या खात्यात आली, म्हणजे नोकरी सलग आहे असं लोक धरून चालतात. तसं नाही. पीएफ माणसामागे फिरतो, तो राजीनामा देऊन गेलेल्याचाही फिरतो. नोकरीची सलगता फक्त मूळ रुजू तारीख मान्य केल्याच्या लेखी शब्दावर ठरते.

दोन कंपन्यांचं विलीनीकरण होतं तेव्हा प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जातं. तिथल्या योजनांमध्ये एक ठरीव कलम असतं, की सगळे कर्मचारी नव्या कंपनीचे होतील, सेवेत खंड नाही, शर्ती कमी नाहीत. मुंबईच्या टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टोमकोचं हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीनीकरण झालं तेव्हापासून हा साचा ओळखीचा आहे. कर्मचारी संघटनेने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं, पण न्यायालयाने योजना कायम ठेवली. कलम चांगलं आहे, पण ते कुणासमोर मांडलं जातं ते पाहा. योजनेची नोटीस प्राप्तिकर खात्याला जाते, कंपनी निबंधकाला जाते, लागू असेल तिथे रिझर्व्ह बँकेला आणि सेबीला जाते. भागधारक आणि धनको तर मतच देतात. कर्मचाऱ्यांवर काय परिणाम होईल, हे निवेदनात लिहावंच लागतं. आणि ते निवेदन पाठवलं जातं भागधारकांना आणि धनकोंना. ज्याच्यावर परिणाम होणार, त्याला पोस्टाने काहीच येत नाही. युनियनला किंवा कामगार आयुक्तांना नोटीस देणं बंधनकारक करायला एक ओळ पुरेशी आहे.

आता त्या 'शर्ती कमी नसाव्यात' या अटीकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण तिथे फसवणूक नसतानाही माणूस फसतो. चाकणमधल्या एका कारखान्याच्या नेमणूकपत्रात एक वाक्य होतं : आपली बदली कंपनीच्या कोणत्याही युनिटमध्ये होऊ शकते. कंपनीचं युनिट एकच, त्यामुळे वीस वर्षं त्या वाक्याला काही अर्थ नव्हता. फार तर पेंटशॉपमधून असेंब्लीत. मग ती कंपनी एका मोठ्या कंपनीत गेली, जिचे कारखाने गुजरातेत होते, तमिळनाडूत होते, उत्तराखंडात होते. नव्या पत्रात तेच वाक्य, शब्दही इकडचा तिकडे नाही. शर्ती 'कमी' झाल्या का? कागदावर नाही. पण ज्याची बायको राजगुरुनगरच्या शाळेत शिक्षिका आहे आणि आईवडील शेतावर आहेत, त्याला उत्तराखंडातल्या पंतनगरची बदली म्हणजे निरोपच.

यावर जुना निकाल आहे, पण तो अर्धीच मदत करतो. अमरोह्याच्या कुंदन शुगर मिलने बुलंदशहरला दुसरी गिरणी उभी केली आणि जुन्या कामगारांना तिकडे जायला सांगितलं. ते गेले नाहीत, म्हणून काढलं. सर्वोच्च न्यायालय १९६० साली म्हणालं, नोकरी लागली तेव्हा जी गिरणी नव्हतीच, तिथे बदली करायचा हक्क नोकरीच्या करारात गृहीत धरता येणार नाही. पण तिथे बदलीचं कलमच लिहिलेलं नव्हतं. आज ते प्रत्येक पत्रात छापलेलं असतं. म्हणून माझं मत असं, की 'शर्ती कमी आहेत का' हे शब्द जुळवून ठरवू नये. हस्तांतरणाच्या आदल्या दिवशी त्या शर्तीचा प्रत्यक्षात अर्थ काय होता, त्यावर ठरवावं. बदलीची मर्यादा जुन्या कंपनीचे कारखाने होते तेवढीच राहावी, पुढची संमतीने.

संमती या शब्दावरून इंग्लंडमधलं एक प्रकरण आठवतं. नोक्स नावाचा खाणकामगार एक दिवस कामावर आला नाही, म्हणून डॉनकॅस्टरच्या कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. तो म्हणाला, माझा करार दुसऱ्या खाण कंपनीशी होता. ती तुमच्यात विलीन झाली हे मला कुणी सांगितलंच नाही, मी तुमचा नोकर कधी झालो? १९४० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची बाजू घेतली. लॉर्ड अ‍ॅटकिन यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की कुणाची चाकरी करायची हे निवडण्याचा हक्क हाच नोकर आणि वेठबिगार यांच्यातला मुख्य फरक आहे. नंतर ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९८१ साली केलेल्या नियमांपासून तिथे धंदा विकला की नोकरीचा करार आपोआप शर्तींसह नव्या मालकाकडे जातो. केवळ हस्तांतरणामुळे काढलं तर ते अन्याय्य ठरतं. न जाण्याचा हक्क कामगाराला आहे, पण मग तो सहसा भरपाईविना घरी जातो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फिलिप्सच्या कोलकात्याच्या टीव्ही कारखान्याच्या प्रकरणात नोक्सचीच भाषा वापरली. तो कारखाना व्हिडिओकॉनकडे गेला होता. कामगाराला त्याच्या संमतीविना दुसऱ्या मालकाखाली काम करायला भाग पाडता येत नाही, आणि ज्याची संमती नाही त्याला कायद्याप्रमाणे भरपाई मिळाली पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. ब्रिटिश नियमापेक्षा मला हे अधिक माणुसकीचं वाटतं. अडचण इतकीच की कायद्याच्या मजकुरात संमतीचं नावही नाही. तीन अटी जुळल्या की भरपाई नाही, असं मजकूर म्हणतो. संमती नसेल तर भरपाई, असं न्यायालय म्हणतं. कारखान्यात बसलेल्या एचआरला मजकूर माहीत असतो, निकाल नसतो. संसदेने संहिता लिहिताना सत्तर वर्षांपूर्वीचं वाक्य उचलून ठेवण्याऐवजी हा निकाल त्यात घालायला हवा होता. ती संधी गेली.

आणि हे सगळं कायद्याच्या भाषेतल्या 'कामगारा'साठी. मॅनेजर आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार असलेले सुपरवायझर यात येत नाहीत. हिंजवडीतल्या टीम लीडरला कंपनी विकल्याची बातमी ईमेलने कळते, सोबत एक लिंक असते, शुक्रवारपर्यंत 'अ‍ॅक्सेप्ट' दाबायचं असतं. त्याच्या नोटीस पीरियडचं, व्हेरिएबल पगाराचं, आईवडिलांच्या मेडिक्लेमचं काय होणार हे फक्त त्या पानाच्या मजकुरावर ठरतं. त्याच्यामागे युनियन नाही, हस्तांतरणाच्या भरपाईची तरतूद नाही, आणि कॉर्पोरेट नोकरीत भांडणं शोभत नाही असा समज आहे. सलग सेवेचा नियम पगाराच्या आकड्यावर अडवून ठेवायला मला तरी कारण दिसत नाही. बँकांच्या बाबतीत कायद्याने तो भेद फारसा केलेला नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली अडचणीतली बँक दुसऱ्या बँकेत विलीन होते, तेव्हा शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत, योजनेत वगळलेले नसतील तर, सगळ्यांचा पगार आणि शर्ती आधी होत्या तशाच चालू ठेवायच्या असतात. वर तीन वर्षांच्या आत त्यांना घेणाऱ्या बँकेतल्या समान हुद्द्याच्या माणसांइतका पगार द्यायचा, पात्रता आणि अनुभव सारखा असेल तर. २००६ साली साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये गेली ती याच कलमाने. बँकेला जे पेलतं ते सॉफ्टवेअर कंपनीला का पेलू नये?

स्टोअरमधला तो माणूस मला नंतर एकदा भेटला. नव्या कंपनीने तीन-साडेतीन वर्षांत स्टोअर बाहेरच्या एजन्सीला दिलं होतं, आणि तो हिशोबाचा कागद घेऊन आला होता. सोबत त्या दिवशीच्या राजीनाम्याची झेरॉक्स. सही करण्याआधी त्याने ती मागून घेतली होती, मीच शिपायाला सांगून काढून दिली होती. मी ती पुन्हा वाचली. मसुदा माझाच. राजीनाम्याच्या कारणापुढे, दोनशेच्या दोनशे कागदांवर, मी टाईप करून घेतलं होतं : वैयक्तिक कारणास्तव.